एका सेकंदाचे पाच ठोके

चावीच्या मनगटी घड्याळाचे मागचे झाकण उघडले, की आत एकच गोष्ट ठळकपणे हलताना दिसते. एक बारीक चाक एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे गरगर फिरते. त्याच्या मधोमध केसाएवढी बारीक कमान वेटोळे घालून बसलेली असते आणि चाकाबरोबर ती एकदा आवळते, एकदा सैलावते, जणू श्वास घेते आहे. चाकाला बॅलन्स म्हणतात आणि कमानीला हेअरस्प्रिंग. घड्याळातली बाकीची चाके, मुख्य कमान आणि काटे ही सगळी या जोडीची सेवेकरी मंडळी. मुख्य कमान जोडीला ताकद पुरवते, दातेरी चाके तिचे डोल मोजतात आणि काटे ती मोजणी तबकडीवर दाखवतात. वेळ ठरते ती मात्र फक्त या चाकाला एक पूर्ण डोल घ्यायला किती वेळ लागतो यावर.

हा वेळ, म्हणजे डोलाचा आवर्तकाल, काढायला दोनच गोष्टी माहीत असाव्या लागतात. पहिली, कमान किती जोराने चाकाला परत ओढते. दुसरी, चाक फिरवायला किती जड आहे. १६७५ साली पॅरिसमध्ये ख्रिस्तियान हायगेन्स याने बॅलन्सला सर्पिल कमान जोडली आणि इझाक थ्युरे या घड्याळजीकडून तसे घड्याळ करून घेतले. रॉबर्ट हूकने ही कल्पना आपली असल्याचा दावा लगेच केला आणि तो वाद बराच चालला. वादाचा निकाल काहीही लागो, त्याआधीच्या घड्याळांत बॅलन्स होते पण कमान नव्हती, हे महत्त्वाचे. बिनकमानीच्या चाकाला स्वतःची अशी लय नसते. मुख्य कमान जितक्या जोराने ढकलेल तितक्या वेगाने ते डोलते आणि चावी उतरत गेली की मंदावते. कमान जोडल्यावर चाकाला स्वतःची लय मिळाली.

ही लय येते कुठून हे पाहण्यासाठी चाक हाताने थोडे फिरवून धरल्याची कल्पना करावी. कमान त्याला मूळ जागी ओढू लागते. ही ओढ सरळ रेषेतली नसून फिरवणारी आहे, म्हणून तिला बल न म्हणता टॉर्क म्हणतात. हूकने १६७८ साली कमानींविषयी जो नियम मांडला तो इथे नेमका लागू पडतो: कोन दुप्पट केला की टॉर्क दुप्पट होतो, तिप्पट केला की तिप्पट. कोन θ आणि टॉर्क τ धरला तर

τ = −κθ

उणे चिन्हाचा अर्थ एवढाच, की ओढ नेहमी उलट दिशेला, मधल्या जागेकडे असते. κ हा कमानीचा टॉर्क स्थिरांक. चाक एक रेडियन, म्हणजे सुमारे ५७.३ अंश, फिरवून धरायला किती टॉर्क लागतो ते हा आकडा सांगतो. कमान जितकी ताठ, तितका κ मोठा.

दुसरी बाजू चाकाच्या जडत्वाची. सरळ ढकलायच्या वस्तूचे जडत्व तिच्या वस्तुमानावर अवलंबून असते. फिरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ते वस्तुमान आसापासून किती दूर आहे हेही मोजावे लागते, आणि दूर असण्याला फार भाव असतो, कारण अंतराचा वर्ग घ्यावा लागतो. म्हणून बॅलन्सचे जवळजवळ सगळे वजन बाहेरच्या कड्यात ठेवलेले असते आणि आतले आरे शक्य तितके हलके. या फिरत्या जडत्वाला I म्हणतात. ५० मिलिग्रॅम वजनाचे कडे आसापासून ४.५ मिलिमीटरवर असेल, तर त्याचे I सुमारे १० मिलिग्रॅम-चौरस सेंटिमीटर भरते.

न्यूटनच्या नियमाप्रमाणे टॉर्कला जडत्वाने भागले की कोनीय त्वरण मिळते. म्हणजे मधल्या जागेपासून चाक θ एवढे दूर असताना त्याचे त्वरण (κ/I)θ असते आणि त्याची दिशा मध्याकडे असते. त्वरण अंतराच्या प्रमाणात आणि उलट दिशेला, ही ओळख एका जुन्या गतीची आहे. वर्तुळावर एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या ठिपक्याची सावली भिंतीवर पाडली, तर ती सावली पुढे-मागे जाते आणि तिचे त्वरणही नेमके असेच वागते. ठिपका दर सेकंदाला ω रेडियन फिरत असेल, तर सावलीचे त्वरण मध्यापासूनच्या अंतराच्या ω² पट असते. दोन्ही गती जुळायच्या तर ω² आणि κ/I समान असले पाहिजेत. ठिपक्याची एक फेरी 2π रेडियनची. तिला लागणारा वेळ हाच चाकाच्या पूर्ण डोलाचा वेळ:

T = 2π√(I/κ)

या सूत्रात काय नाही, ते आधी पाहण्यासारखे आहे. चाक किती दूरवर डोलते याचा सूत्रात उल्लेख नाही. सकाळी भरपूर चावी दिल्यावर चाक मध्यापासून प्रत्येक बाजूला २७० अंशांपर्यंत जाते आणि दुसऱ्या दिवशी चावी उतरत आल्यावर कदाचित २२० अंशांवरच थबकते. तरी डोलाचा वेळ तोच राहतो. कोन मोठा म्हणजे वाटचाल लांब, पण ओढही त्याच प्रमाणात जास्त, त्यामुळे वेगही जास्त, आणि हिशेब फिटतो. दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे गुरुत्वाकर्षण. लंबकाला पृथ्वी खाली ओढते म्हणून तो झुलतो, त्यामुळे लंबकाचे घड्याळ भिंतीवर सरळ टांगावे लागते. बॅलन्सला ओढणारी शक्ती त्याच्या कमानीतच आहे. घड्याळ उभे असो, आडवे असो, हातावर हलत असो, κ आणि I बदलत नाहीत. खिशात आणि मनगटावर वेळ बाळगता आली ती यामुळे.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी. बंगळुरूला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने घड्याळे बनवायला सुरुवात केली. तिथले चावीचे ‘जनता’ घड्याळ महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत अजून सापडेल. ते तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. कानाला लावले की हे पाच ठोके स्पष्ट ऐकू येतात. पण एक ठोका म्हणजे एक डोल नव्हे. चाक मधल्या जागेवरून उजवीकडे जाताना एक ठोका पडतो आणि परत येऊन डावीकडे जाताना दुसरा. एका पूर्ण डोलात दोन ठोके, म्हणून डोल सेकंदाला अडीच आणि आवर्तकाल ०.४ सेकंद. इथे चूक हमखास होते. ०.२ सेकंद हाच आवर्तकाल धरला, तर κ चारपट येतो आणि सगळा हिशेब कोसळतो.

अशा मापाच्या घड्याळासाठी सोयीचे आकडे म्हणून वरचेच चाक घेऊ. त्याचे I १० मिलिग्रॅम-चौरस सेंटिमीटर, म्हणजे किलोग्रॅम आणि मीटरमध्ये 1.0 × 10⁻⁹. कमानीचा मोजलेला टॉर्क स्थिरांक दर रेडियनला 2.47 × 10⁻⁷ न्यूटन-मीटर. आता

I/κ = 1.0 × 10⁻⁹ / 2.47 × 10⁻⁷ = 0.00405
√0.00405 = 0.0636
T = 2 × 3.1416 × 0.0636 = 0.400 सेकंद

एवढा κ हातात धरून पाहायचा तर किती? चाक पाव फेरा फिरवून धरायला लागणारा टॉर्क निघतो 3.9 × 10⁻⁷ न्यूटन-मीटर. तो कड्याच्या टोकाशी द्यायचा तर तिथे जेमतेम नऊ मिलिग्रॅम वजन टांगावे लागेल. मोहरीचे दोन-चार दाणे. इतक्या हलक्या ओढीवर ते चाक दर डोलाला दोनदा थांबते, उलटे फिरते आणि २७० अंशांच्या डोलात मध्यावरून जाताना त्याच्या कड्याचा वेग सेकंदाला ३३ सेंटिमीटरपर्यंत पोचतो. त्या चाकाचा व्यास नऊ मिलिमीटर आहे, हे लक्षात घेतले की हा वेग जाणवतो.

κ हा आकडा कमानीच्या घडणीतून येतो. या दोलकाला पिळाचा दोलक म्हणतात खरे, कारण चाक आसाभोवती पिळले जाते. पण कमानीच्या पट्टीत मात्र पीळ पडत नाही. पट्टी वाकते, तिची वेटोळी घट्ट किंवा सैल होतात. म्हणून इथे धातूचा वाकण्याला होणारा विरोध मोजावा लागतो, म्हणजेच यंगचा स्थितिस्थापकता गुणांक E. पट्टीची उंची b, जाडी h आणि उलगडलेली लांबी L असेल तर

κ = E b h³ / 12L

पोलादी जातीच्या कमानीसाठी E सुमारे २०० गिगापास्कल, उंची ०.१ मिलिमीटर आणि जाडी ०.०२५ मिलिमीटर घेतली, तर वरचा κ मिळायला लांबी १०.५ सेंटिमीटर लागते. बोटाहून थोडी लांब अशी ही पट्टी तेरा-चौदा वेटोळ्यांत गुंडाळून चाकावर बसवलेली असते.

या सूत्रातला h चा घन हीच कमान बनवणाऱ्यांची खरी डोकेदुखी. घड्याळ दिवसाला एक मिनिट चुकते म्हणजे १,४४० मिनिटांत एक मिनिट, आवर्तकालात ०.०७ टक्के फरक. आवर्तकाल κ च्या वर्गमुळावर अवलंबून असल्याने κ मध्ये ०.१४ टक्के फरक त्याला पुरतो, आणि κ जाडीच्या घनावर अवलंबून असल्याने जाडीत त्याच्याही एक तृतीयांश, म्हणजे ०.०५ टक्क्याहून कमी. २५ मायक्रॉन जाडीच्या पट्टीत हा फरक भरतो सुमारे १२ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा लाखावा भाग. पट्टी लाटून इतक्या बारकाईने कापणे व्यवहारात जमत नाही. म्हणून कारखान्यात वाट उलटी धरतात. कमानी तयार झाल्यावर त्यांचा टॉर्क मोजून त्यांचे वर्ग पाडतात, चाकांचेही जडत्व मोजून वर्ग पाडतात, आणि ज्यांचे भागाकार जुळतील त्यांच्या जोड्या लावतात. सूत्रात κ आणि I यांचा भागाकारच येतो, एकेकट्या आकड्याला तिथे महत्त्व नाही, म्हणून ही युक्ती चालते.

सुट्या हाताने काम करणारा घड्याळजी हेच लांबीच्या मार्गाने साधतो, आणि ते पाहण्यासारखे असते. मिळालेली कमान गरजेपेक्षा लांब असते. तिचे आतले टोक चाकाच्या आसावर बसवतात आणि बाहेरचे टोक चिमट्यात धरून चाक खाली लोंबू देतात, इतके की आसाचे टोक एका काचेला अलगद टेकेल. काचेखाली, नेमके तासाला १८,००० ठोक्यांना लावलेले दुसरे चाक असते. दोघांना सारखाच झटका देऊन सोडायचे आणि भिंगातून दोन्ही चाकांचे आरे पाहत राहायचे. वरचे चाक पुढे निघाले तर कमान ताठ आहे, चिमटा पट्टीवर थोडा बाहेर सरकवून ती लांब करायची. मागे पडले तर आत सरकवायचे. मिनिटात १५० डोल होतात. तेवढ्यात वरचे चाक एक पूर्ण डोल मागे पडले, तर आवर्तकाल ०.६७ टक्के जास्त आहे, आणि आवर्तकाल लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढत असल्यामुळे कमान १.३ टक्के, म्हणजे साधारण १.४ मिलिमीटर, तोकडी करावी लागेल. चाके बरोबरीने डोलू लागली की जिथे चिमटा आहे ती जागा पक्की होते. बाहेरचे टोक तिथेच खिळवतात, पण थोडीशी लांबी पुढच्या दुरुस्तीसाठी हाताशी ठेवून.

ती दुरुस्ती रेग्युलेटरने होते. बॅलन्सवरच्या पुलावर एक छोटी दांडी असते आणि तिच्या टोकाच्या दोन बारीक पिनांमधून कमानीचे बाहेरचे वेटोळे जाते. कमानीचा कामाचा भाग या पिनांपासून मोजायचा. दांडी सरकवली की L बदलतो. आपल्या उदाहरणात दिवसाला एक मिनिट सुधारायला कामाची लांबी ०.१५ मिलिमीटरने बदलावी लागते. म्हणूनच दांडीला सुईच्या टोकाने हलकासा धक्का देतात. बोटाने ढकलली तर एका झटक्यात चार-पाच मिनिटे इकडची तिकडे होतात. या पिनांमध्ये फट जास्त राहिली, तर मात्र सूत्राला तडा जातो. लहान डोलात कमान पिनांना टेकतच नाही आणि तिची लांबी जास्त भरते, मोठ्या डोलात टेकते आणि लांबी कमी भरते. मग भरल्या चावीला घड्याळ पुढे आणि उतरत्या चावीला मागे, ही खूण दिसू लागते.

घड्याळ अचानक पुढे पळायला लागले, दिवसाला अर्धा-पाऊण तास, तर मात्र रेग्युलेटरला हात लावू नये. एवढा फरक त्याच्या आवाक्यातला नव्हे. बहुतेक वेळा कमानीची दोन वेटोळी एकमेकांना चिकटलेली असतात. तेलाचा अंश पट्टीवर चढलेला असतो, किंवा घड्याळ चुंबकाजवळ जाऊन आल्यामुळे वेटोळ्यांना चुंबकत्व आलेले असते. चिकटलेला भाग वाकत नाही, म्हणून तेवढी लांबी हिशेबातून बाद होते. १०.५ सेंटिमीटरपैकी पाच टक्के, म्हणजे पाच मिलिमीटर, चिकटले तर κ पाच टक्क्यांनी वाढतो, डोल अडीच टक्क्यांनी जलद होतात आणि घड्याळ दिवसाला ३७ मिनिटे पुढे जाते. भिंगातून पाहिले तर वेटोळी एकाच बाजूला दाटलेली दिसतात. तेल असेल तर कमान धुऊन घेतात, चुंबकत्व असेल तर उलटसुलट विद्युतप्रवाहाच्या वेटोळ्यातून घड्याळ हळूहळू बाहेर काढतात, आणि कुठलाही स्क्रू न हलवता वेळ पूर्ववत होते.

गुरुत्वाकर्षण सूत्रात नाही म्हटले, ते चाक अगदी समतोल असेल तरच. कड्यावर एका बाजूला मिलिग्रॅमचा शंभरावा भाग जास्त असला, तर घड्याळ उभे धरल्यावर ते वजन लंबकासारखे वागते आणि कमानीच्या टॉर्कमध्ये स्वतःची भर घालते किंवा घट करते. डोल लहान असताना दिवसाला मिनिटाहून जास्त फरक एवढ्यानेच पडतो. मात्र हा फरक डोलाच्या आकाराबरोबर बदलतो, सुमारे २२० अंशांच्या डोलाला नाहीसा होतो आणि त्यापुढे उलटा होतो. आडवे ठेवलेले घड्याळ बरोबर आणि उभे धरलेले चुकीचे चालत असेल, तर पहिला संशय याच असमतोलावर घ्यावा.

उरते तापमान, आणि ते κ वर सगळ्यात खोल घाव घालते. पोलाद तापले की ते वाकायला सोपे होते, दर अंश सेल्सिअसला E सुमारे ०.०२३ टक्क्याने उतरतो. साध्या पोलादी कमानीचे आणि पितळी चाकाचे घड्याळ त्यामुळे दर अंशाला दिवसाकाठी १० ते ११ सेकंद मागे पडते. चाक प्रसरण पावल्याने I वाढतो, पण त्याचा वाटा लहान आहे. मोठा वाटा कमानीच्या मऊ पडण्याचा. रात्री १८ अंशांच्या खोलीत टेबलावर आणि दिवसा ३० अंशांच्या मनगटावर, एवढ्याने चालीत दिवसाला दोन मिनिटांहून जास्त फरक पडतो.

अठराव्या शतकात यावर उत्तर I च्या बाजूने शोधले गेले. चाकाचे कडे आतून पोलाद आणि बाहेरून पितळ असे जोडून घडवले आणि दोन ठिकाणी कापून त्याची टोके मोकळी ठेवली. पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, म्हणून उष्णतेत कड्याची टोके आत वळतात, वजन आसाजवळ येते आणि I कमी होतो. κ जेवढा उतरला तेवढाच I उतरवायचा, म्हणजे भागाकार कायम राहतो. कड्यावरचे बारीक स्क्रू पुढे-मागे बसवून हा मेळ जुळवावा लागे, आणि जहाजांवरच्या क्रोनोमीटरमध्ये त्यासाठी आठवडे जात.

नंतर उत्तर κ च्याच बाजूने मिळाले. शार्ल एदुआर गियोम याने निकेल आणि पोलादाच्या मिश्रधातूंवर काम केले, त्यासाठी त्याला १९२० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या एलिन्व्हार या मिश्रधातूचा E नेहमीच्या तापमानांत जवळजवळ बदलत नाही. कमान त्याची केली, की दोन धातूंच्या कापलेल्या कड्याची गरज संपते आणि साधे, अखंड चाक पुरते. बहुतेक यांत्रिक घड्याळांत आज याच कुळातल्या मिश्रधातूच्या कमानी असतात. काही महागड्या घड्याळांत सिलिकॉनच्या कमानीही आल्या आहेत. सिलिकॉन तापले की मऊ पडते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर तापला की ताठ होतो. त्या थराची जाडी बरोबर राखली की दोन्ही बदल एकमेकांना खोडून काढतात आणि κ जागचा हलत नाही. शिवाय सिलिकॉनला चुंबक लागत नाही, त्यामुळे वेटोळी चिकटण्याचे एक कारण मुळातच उरत नाही.